तान्ह्या पोळ्याच्या फोटोवरून रंगवायचं पान: बंद आकार, जाड रेघा

माझ्या झेरॉक्सच्या दुकानात दर आठवड्याला कुणी ना कुणी मोबाइल पुढे करतं. घरच्यांच्या फोटोला ‘स्केच’चा फिल्टर लावलेला असतो आणि म्हणणं असतं, "याच्या चार कॉप्या काढा, पोट्ट्यांना रंगवायला देतो." मी काढून देते. दुकान आहे, नाही कशाला म्हणू? पण त्या पानाचं पुढे काय होणार हे मला ठाऊक असतं. लेकरू दोन मिनिटं खडू फिरवतं, आजीच्या लुगड्यावरच्या शेकडो बारीक ठिपक्यांत अडकतं आणि मग सगळ्या पानावर एकच निळा रंग फासून मोकळं होतं.

चूक लेकराची नाही, फिल्टरची म्हणायची तर तीही पूर्ण नाही. फिल्टरला आजी दिसत नाही आणि लुगडंही दिसत नाही. फोटोत उजेडाकडून अंधाराकडे अचानक उडी कुठे आहे, एवढंच तो शोधतो आणि तिथे रेघ ओढतो. छापील लुगड्यावर अशा उड्या शेकड्याने असतात, म्हणून तिथे रेघांचा चिखल होतो. नाकाखाली सावली पडली की तिची रेघ होते आणि बाईला मिशा फुटतात. उलट आबाजीचं पांढरं धोतर चुन्याच्या पांढऱ्या भिंतीसमोर असेल, तर तिथे उडीच नसते. मग रेघही येत नाही आणि धोतर भिंतीत मिसळून जातं. म्हणजे नको तिथे रेघा आणि हवी तिथे भगदाड. लहान लेकराला याच्या नेमकं उलटं पान लागतं: थोडे आकार, मोठे आकार, आणि प्रत्येक आकाराला चारही बाजूंनी कुंपण.

ते हातानेच काढावं लागतं. चित्रकला यायला हवी असं मात्र नाही. फोटो खाली ठेवून गिरवायचं आहे. खरं काम आहे ते काय गिरवायचं आणि काय सोडायचं हे ठरवण्याचं. गेल्या तान्ह्या पोळ्याला माहेरी काढलेल्या एका फोटोवरून मी भाच्यासाठी पान केलं. तो साडेचार वर्षांचा आहे. तेच पान घेऊन सगळं सांगते.

फोटो निवडताना डोकं मोजा

आमच्या वर्धा जिल्ह्यात मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. पोट्टे लाकडी नंदी सजवून, दोरीने ओढत घरोघरी जातात. त्या दिवशीचे माझ्याकडे तीस-चाळीस फोटो होते. त्यातला सगळ्यात छान फोटो म्हणजे अख्खं खटलं ओसरीवर उभं असलेला, अकरा माणसांचा. तो मी पहिल्यांदा बाद केला.

कारण साधं आहे. मोठं माणूस त्याच्या डोक्याच्या साधारण सातपट उंच असतं. ए-फोर कागद उभा धरला तर उंची 29.7 सेंटीमीटर. कडेची जागा सोडून माणसाला मिळतात जेमतेम 25. म्हणजे एकटंच माणूस पायापासून डोक्यापर्यंत पानभर उभं केलं तरी त्याचं डोकं साडेतीन सेंटीमीटरचं होतं. अकरा माणसं एका रांगेत उभी केली तर प्रत्येकाचं डोकं बोराएवढं. त्यात डोळे, केस, टोपी, चष्मा काय मावणार? चार-पाच वर्षांच्या लेकरासाठी हनुवटीपासून माथ्यापर्यंत निदान 4 सेंटीमीटर डोकं हवं, असा माझा हिशेब आहे. त्यासाठी माणसं बसलेली असावीत, किंवा फोटो कमरेशी कापावा, आणि तिघांच्या वर माणसं नसावीत.

मी निवडलेल्या फोटोत तिघं होते. आबाजी बाजेवर बसलेले, आजी त्यांच्या शेजारी बाजेवरच, आणि समोर भाचा नंदीची दोरी धरून उभा. मागे ओसरीची भिंत, दार आणि दारावर आंब्याच्या पानांचं तोरण. शिवाय पाण्याचा कूलर, एक मोटारसायकल, चपलांचा ढीग आणि भिंतीवरून लोंबणारी वायर. हे असणारच, ते आपण पुढे झाडून टाकू. माणसं एकमेकांवर फार चढलेली नाहीत आणि प्रत्येकाचा निदान एक हात स्वच्छ दिसतो, एवढं पाहिलं.

फोटो व्हॉट्सॲपवर मागवत असाल तर तो नेहमीसारखा न पाठवता Document म्हणून पाठवायला सांगा. नेहमीसारखा पाठवला की तो दाबून छोटा होतो, आणि मोठा करून पाहताना बोटं, कानातलं, काठ हे सगळं पीठ होऊन जातं.

मोठा करणं

मोबाइलमधला फोटो असेल तर आधी क्रॉप करून कूलर-मोटारसायकल शक्य तितकी बाहेर घालवा आणि ए-फोरवर काळा-पांढरा प्रिंट काढा. रंगीत प्रिंटचा काही उपयोग नाही, उगाच पैसे जातात. जुना 4 बाय 6 इंची कागदी फोटो असेल तर झेरॉक्सवाल्याला 195 टक्के मोठा करायला सांगा. लांबी ए-फोरच्या लांबीला भिडते आणि रुंदी थोडी कमी भरते. प्रिंट हातात आला की पट्टी घेऊन डोकं मोजा. माझ्या पहिल्या प्रिंटवर आजीचं डोकं 3 सेंटीमीटर आलं. मी फोटो आणखी आत कापला, आबाजींची पावलं आणि बाजेचे खालचे पाय गेले तर गेले, आणि ते सव्वाचारवर आणलं.

काचेचं टेबल

गिरवायला खालून उजेड लागतो. शहरात खिडकीच्या काचेला कागद चिकटवतात. आमच्या गावच्या घरांना लाकडी झडपा, काच कुठली? मी भिंतीवरच्या जुन्या फोटोफ्रेमची काच काढली, चारही कडांना चिकटपट्टी लावली (हात कापतो, हे विसरू नका), आणि वह्यांच्या दोन चळतींवर ती आडवी ठेवली. खाली मोबाइलचा टॉर्च, काचेपासून बारा-पंधरा सेंटीमीटर अंतरावर. टॉर्च थेट असला तर मधेच एक झगझगीत ठिपका दिसतो आणि कडेला अंधार. म्हणून काचेच्या खालच्या बाजूने एक पांढरा बटर पेपर चिकटवला, उजेड सगळीकडे सारखा पसरला. खोलीतला दिवा बंद केला की साध्या झेरॉक्सच्या कागदातून प्रिंट स्वच्छ दिसतो, महागाचा ट्रेसिंग पेपर लागत नाही.

प्रिंट काचेला चारही कोपऱ्यांत चिकटवा, वर कोरा कागद तसाच चिकटवा. दोन्हीतला एक जरी सरकला तरी डोकं एकीकडे आणि मान दुसरीकडे होते.

हा पहिला कागद कच्चा. यावर एचबी पेन्सिलीने वाटेल तितकी खाडाखोड करायची. शाई दुसऱ्या कागदावर. हे दोन टप्पे एकत्र करायचा मोह होतो, करू नका. एकाच वेळी ठरवणं आणि ठसठशीत ओढणं जमत नाही.

समोरून मागे

जे सगळ्यात समोर आहे ते आधी पूर्ण काढायचं. माझ्या फोटोत समोर नंदी आणि भाचा. त्यांच्या बाहेरच्या रेघा जिथून निघाल्या तिथे परत येईपर्यंत ओढल्या. मग आबाजी. त्यांच्या गुडघ्याची रेघ भाच्याच्या खांद्यापाशी येते. तिथे ती भाच्याच्या रेघेला टेकवायची आणि थांबवायची. आत घुसवायची नाही आणि दोन मिलिमीटर आधीही सोडायची नाही. मग आजी, मग बाज, शेवटी भिंत आणि दार. प्रत्येक मागच्या वस्तूची रेघ पुढच्या वस्तूच्या रेघेला जाऊन टेकते, एवढा एकच कायदा पाळला तरी बरेचसे आकार आपोआप बंद होतात. बांध जसा शेजारच्या बांधाला मिळतो तसं. मधे खिंड राहिली तर ढोरं शिरणारच.

धोतराची भिंतीकडची कड प्रिंटमध्ये दिसतच नव्हती. अशा ठिकाणी उजेडावर भरवसा ठेवायचा नाही, माहितीवर ठेवायचा. मांडी कुठून निघते आणि गुडघा कुठे आहे हे दिसतं, तर त्यांच्या मधली रेघ आपण ओढायची. मूळ फोटो मोबाइलवर मोठा करून शेजारी ठेवला की अंदाज येतो.

अंगठ्याच्या नखाचा नियम

आता सगळ्यात महत्त्वाचं. मेणाचा खडू साधारण 8 मिलिमीटर जाड असतो आणि त्याचं टोक दोनदा घासलं की बोथट होतं. त्याहून लहान जागा रंगवणं म्हणजे लेकराला सुईत दोरा ओवायला सांगणं. मी कागदावर अंगठा टेकवून पाहते: मोठ्या माणसाच्या अंगठ्याचं नख ज्या आकारात मावत नाही, तो आकार या पानात राहणार नाही. मग त्याचं तीनपैकी एक काहीतरी करायचं: मोठा करायचा, शेजारच्या आकारात मिसळायचा, किंवा त्याची नुसती काळी रेघ किंवा काळा ठिपका करून टाकायचा.

माझ्या कच्च्या कागदावर पहिल्या फेरीत नव्वदच्या वर आकार झाले होते. नखाचा नियम लावून ते त्रेचाळीसवर आले. काय काय झालं ते सांगते, कारण तुमच्या फोटोतही थोड्याफार फरकाने हेच असणार.

आजीच्या लुगड्यावरची फुलं सगळी गेली. राहिला अंगभर एक आकार, पदराचा एक, आणि काठ. खरा काठ प्रिंटवर जेमतेम सात मिलिमीटरचा होता, मी तो दीड सेंटीमीटरचा केला. लेकराला काठ वेगळ्या रंगाने रंगवायला फार आवडतं, तो मिसळून टाकणं जिवावर आलं. चुण्यांच्या रेघा फोटोत डझनभर होत्या. तीन ठेवल्या, आणि तिन्ही मांडीच्या रेघेपासून निघून खाली काठाला भिडणाऱ्या. मधेच हवेत संपणारी चुणी लेकराला गोंधळात टाकते. ते तिच्या टोकापर्यंत एक रंग देतं, मग टोकाला वळसा घालून पलीकडे जावं की नाही याचा विचार करत बसतं.

आबाजींचा कोपर आणि कंबर यांच्या मधून भिंतीचा एक चिंचोळा तिकोन दिसत होता, चार मिलिमीटर रुंद. असे तिकोन प्रत्येक घरगुती फोटोत असतात, बहुतेक काखेत आणि दोन पायांच्या मधे. हात थोडा अंगाकडे सरकवला, तिकोन गायब. फोटोशी बेइमानी झाली, चालतं.

बाजेची विणलेली दोरी पूर्ण सोडली. फक्त लाकडाची आडवी चौकट आणि उभा एक पाय, दोन्ही दीड सेंटीमीटर जाड. नंदीच्या पाठीवरची झूल म्हणजे एक मोठा आकार, त्यात तीन तिकोन. बेगड, आरसे, गोंडे सगळे गेले, एक घंटा राहिली. चाकांचे आरे काढले नाहीत, बाहेरचं गोल आणि मधला मोठा आस, एवढंच.

नंदीच्या दोरीवर मी बराच वेळ घालवला. दोरी दोन रेघांनी काढली की मधली जागा दोन मिलिमीटर, ती रंगवणार कोण? म्हणून एकच जाड काळी रेघ, भाच्याच्या मुठीपासून नंदीच्या नाकापर्यंत. पण ती दोन्ही टोकांना टेकल्यामुळे दोरीखालची जमीन आपोआप वेगळी बंद झाली. ते चाललं, कारण ती जागा मोठी होती. तुमच्या चित्रात अशा रेघेने एखादी किरकोळ फट बंद होत असेल तर दोरीला झोल देऊन फट मोठी करा. चष्म्याच्या काड्या, मंगळसूत्र, काठी या सगळ्यांना हीच गत: आकार नाही, रेघ.

नखाच्या नियमाला मी एकच अपवाद करते: कुंकू. आजीचं कुंकू मोठं आहे, तरी पानावर सहा मिलिमीटरचं गोल होतं. ते काळं भरून टाकणं बरं दिसत नाही आणि काढून टाकलं तर आजी रागावते. राहू दिलं, आणि भाच्याने तिथे लाल खडू टोचून टोचून फिरवला. कपाळावर थोडा सांडला, त्याचं काय एवढं.

चेहरा

चेहऱ्यावर लोक सगळ्यात जास्त रेघा ओढतात आणि तिथेच पान बिघडतं. सुरकुत्या, गालाची कड, नाकाच्या दोन बाजू, ओठांची जाडी, डोळ्यांखालच्या पिशव्या, यातलं काहीही काढायचं नाही. आबाजींच्या सुरकुत्या मी पहिल्यांदा अगदी मन लावून गिरवल्या होत्या. भाचा म्हणाला, "आत्या, आबाजीच्या तोंडावर जाळं हाये." खरंच होतं.

डोळ्यांचे दोन काळे ठिपके, भुवईची एकेक रेघ, नाकाचा छोटा आकडा, हसण्याची एक वाकडी रेघ. या रेघा बंद नसल्या तरी चालतात, कारण त्या कुठलाही आकार विभागत नाहीत. सबंध चेहरा हा एकच आकार. हनुवटीची रेघ मात्र एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत सलग हवी, नाहीतर चेहरा आणि मान एक होतात.

मग माणूस ओळखू कसं येणार? घरचं माणूस नाका-डोळ्यांनी कमी आणि सामानाने जास्त ओळखू येतं. आबाजींची टोपी, चष्मा आणि मिशा. आजीचा अंबाडा, कुंकू आणि डोक्यावरून घेतलेला पदर. भाच्याच्या पुढच्या केसांची उभी शेंडी. या गोष्टी जरा मोठ्या करून काढा. मिशा बंद आकारात काढल्या, केळीच्या फण्यासारख्या दोन्हीकडे वळलेल्या. चष्म्याची दोन गोलं मोठी, त्यांच्या आत ठिपक्याचे डोळे. माझ्या पहिल्या कागदावर चष्मा राहून गेला होता, तर आबाजींनी लांबूनच विचारलं, "माहा चष्मा कुठी गेला वं?"

केसांच्या बटा काढू नका. केस म्हणजे टोपीसारखा एक सलग आकार, आणि तो पांढरा सोडायचा. काळे केस आहेत म्हणून तुम्हीच काळे भरून टाकले तर लेकराचं एक आवडतं काम गेलं. केसांची रेघ कपाळावर जिथे संपते तिथे ती कानाला टेकली आहे ना, एवढं पाहा.

हाताची पाच बोटं या मापात पाच मिलिमीटरचीही होत नाहीत. मी अंगठा वेगळा आणि चार बोटं मिळून एक, असा पंजा काढते. दोरी धरलेली मूठ म्हणजे तर नुसता गोल गोळा.

मागची भिंत

मागचं सगळं काढून टाकायचा सल्ला कुणी देईल. मग तिघं अधांतरी तरंगतात आणि फोटो कुठला ते कळत नाही. पण भिंत एकच प्रचंड आकार ठेवली तर अर्ध्यात लेकराचा हात दुखतो. मला उपाय भिंतीनेच दिला. आमच्याकडे भिंतीला खाली गेरूचा पट्टा असतो आणि वर चुना. ती एक आडवी रेघ ओढली की भिंतीचे दोन भाग झाले, आणि ते घर आमचंच दिसायला लागलं. दाराची चौकट ठेवली, तोरणाची पानं वीसच्या जागी पाच काढली, प्रत्येक पान खडूएवढं रुंद. कूलर, वायर, मोटारसायकल, चपला, सगळं पुसलं. मोटारसायकल ठेवली असती तर भाचा खूश झाला असता, पण तिचे सुटे भाग नखाच्या नियमात बसवता बसवता माझीच रात्र गेली असती.

शेवटी सगळ्या चित्राभोवती पट्टीने चौकट, कागदाच्या कडेपासून दीड सेंटीमीटर आत. ही शोभेसाठी नाही. फोटो जिथे कापला तिथे आजीचं लुगडं, बाज, भिंत सगळं कडेला उघडंच राहतं, चौकट त्यांना बंद करते. आणि प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाही, साधारण अर्धा सेंटीमीटर सोडतोच. चौकट त्याच्या आत असली की कापली जात नाही.

शाई

कच्चा कागद आता काचेवर, त्यावर नवा पांढरा कागद. बाहेरच्या रेघा, म्हणजे माणूस आणि मागची भिंत यांच्या मधल्या, जवळजवळ 2 मिलिमीटर जाड. आतल्या, म्हणजे काठ, चुण्या, खिसे, 1 मिलिमीटर. गोल टोकाचा काळा परमनंट मार्कर दोन्हीला पुरतो, बाहेरची रेघ दोनदा ओढायची. जेल पेनची रेघ खडूखाली दिसेनाशी होते आणि हात लागला की पसरते. मार्कर कागदातून खाली उतरतो, म्हणून काच आणि कागद यांच्या मधे कच्चा कागद आहे तेच बरं.

रेघ हळू ओढा, पण मधे थांबू नका, थांबलं की मार्करचा डाग फुगतो. थांबायचंच असेल तर जिथे दोन रेघा मिळतात तिथे थांबा, तिथे डाग उलट कामाचा, फट बुजते. चुकलं तर व्हाइटनर लावा, पूर्ण वाळू द्या, मग पुन्हा ओढा. झेरॉक्समध्ये व्हाइटनर दिसत नाही.

फट शोधणं

शाई वाळली की काम संपलं असं वाटतं. नाही. माझ्या पानात या टप्प्यावर पाच फटी निघाल्या.

घरात कॉम्प्युटर नसेल तर हात पुरेसा आहे. टोक नसलेली पेन्सिल घ्या, एका आकाराच्या आत रेघेला घासून फिरवायला सुरुवात करा, निघालात तिथे परत या. मुंगीला भिंतीकडेने चालवल्यासारखं. मधे कुठे पेन्सिल बाहेर घसरली की तिथे फट. प्रत्येक आकार असाच. तपासून झालेल्या आकारात बारीक टिंब द्या आणि पुढे चला, नंतर खोडता येतं. त्रेचाळीस आकारांना वीसेक मिनिटं लागली.

कॉम्प्युटर असेल तर आणखी पक्कं. पान 300 डीपीआयवर स्कॅन करा, स्कॅन करताना रंगाच्या जागी Black and white निवडा, म्हणजे मधले राखाडी ठिपके येत नाहीत. मग ते Paint मध्ये उघडून Fill च्या बादलीने एकेका आकारात रंग ओता. या मापात 1 मिलिमीटर म्हणजे साधारण 12 ठिपके, आणि बादलीला एका ठिपक्याची वाट पुरते. मी आजीच्या पदरात हिरवा ओतला तर मागची चुन्याची भिंतही एका दमात हिरवी झाली. Ctrl+Z मारून मागे आले, पान मोठं करून फट शोधली. पदर डोक्यावरून कानापाशी येतो तिथे केसाएवढी. डोळ्याला ती दिसतच नव्हती. स्कॅन राखाडी केला असेल तर ओतलेल्या रंगाभोवती पांढरट कड राहते, ती फट नव्हे, घाबरू नका.

बाकीच्या चार फटी होत्या काखेत, बाहीच्या टोकाशी, नंदीच्या शिंगाच्या बुडाशी आणि चौकटीला बाजेची रेघ मिळते तिथे. पुढच्या पानात मी आधी याच जागा बघेन. फटी स्कॅनवर न बुजवता मूळ कागदावर मार्करने बुजवा, म्हणजे पुढच्या सगळ्या कॉप्या बरोबर येतील.

कुणी म्हणेल, खडू काही पाण्यासारखा वाहत नाही, मग केसाएवढ्या फटीची एवढी चिंता कशाला? केसाएवढी फट खडूला खरंच चालते. पण स्कॅन केलेलं पान पुढे मोबाइलवर बोट टेकवून रंगवायला दिलं की तीच फट सगळं पान बुडवते. आणि दोन-तीन मिलिमीटरची फट खडूलाही चालत नाही. रेघ ही लेकराला भिंत असते. ती जिथे तुटते तिथे त्याचा हात आपोआप पुढे जातो, आणि मग आजीचा हात व बाजेची चौकट एकाच रंगात निघतात.

कॉप्या

मशीनवर कॉपी फिकी ठेवू नका. फिकी ठेवली की 1 मिलिमीटरच्या रेघा मधेमधे तुटतात आणि आपण बुजवलेल्या फटी पुन्हा उघडतात. टोनर संपत आलेल्या मशीनवरही असंच होतं, पानावर उभे पांढरे पट्टे दिसले तर दुसरीकडे जा. हे मी दुकानदार असून सांगते. साधा 75 जीएसएमचा कागद खडूला पुरतो. स्केचपेन देणार असाल तर 100 च्या वरचा घ्या, आणि पानाच्या मागे काही छापू नका.

पाण्याचे रंग द्यायचे असतील तर इंकजेट प्रिंटरवर पान काढू नका. त्याची शाई बहुतेक वेळा पाण्यात सुटते आणि ब्रश फिरला की काळा ओघळ पिवळ्यात जातो. झेरॉक्स किंवा लेझरचा टोनर कागदावर वितळवून चिकटवलेला असतो, तो पाण्याने हलत नाही.

कॉपीची कॉपी काढू नका. प्रत्येक वेळी रेघ थोडी फुगते किंवा तुटते, तिसऱ्या पिढीत कुंकवाचा नुसता काळा ठिपका होतो. मूळ कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सपाट ठेवा, घडी घालू नका. घडीची सावली रेघ बनून आजीच्या तोंडावरून जाते.

भाच्याच्या धाकट्या बहिणीला तीन वर्षं झाली आहेत. तिला त्रेचाळीस आकार जास्त झाले. तिने सगळ्यांच्या तोंडावर गुलाबी फासलं आणि नंदी तेवढा नीट रंगवला. म्हणून तोच कच्चा कागद पुन्हा काचेवर ठेवून फक्त नंदी, झूल, दोन चाकं आणि जमीन असं दुसरं पान काढलं. बारा आकार, पानभर मोठा नंदी, सगळ्या रेघा जवळजवळ 3 मिलिमीटर. त्याच्या चार कॉप्या नेल्या होत्या. काल माहेरहून फोन आला, आणखी सहा पाठव म्हणून.